'छान.' मधला पूर्णविराम आणि क्लायंटचा 👍

प्रश्न: मी घरून ग्राफिक डिझाइनचं काम करते. गेल्या महिन्यात तीन प्रसंग घडले. कॉलेजच्या मैत्रिणीने नव्या घराचे फोटो टाकले, मी घाईत खाली 'छान.' एवढंच लिहिलं. ती चार दिवस गप्प होती, मग म्हणाली, "एवढं जिवावर आलं होतं तर लिहायचं नाही ना काही!" दुसरं, एका क्लायंटला कोटेशन पाठवलं, त्यांनी 👍 दिला, मी कामाला लागले, आणि आठ दिवसांनी ते म्हणतात, "मी फक्त बघितल्याचं कळवलं होतं." तिसरं, माझे एक वयस्कर क्लायंट दर वेळी 'बघतो...' असं लिहितात आणि ते नाराज आहेत असं मला वाटत राहतं. कुठे काय वापरावं याचे काही नियम आहेत का?

उत्तर:

कोणत्या चिन्हाचा काय अर्थ, असा तक्ता मी तुम्हाला देऊ शकले असते, पण त्याने तुमचा एकही प्रसंग टळला नसता. पूर्णविराम, 👍 आणि तीन टिंबं ही तिन्ही चिन्हं निरुपद्रवी आहेत. वाचणारा माणूस चिन्ह सुटं वाचत नाही. तो दोन गोष्टींशी ते ताडून बघतो: हा माणूस एरवी कसा लिहितो, आणि या चिन्हाच्या वरच्या ओळीत काय लिहिलं होतं. मैत्रिणीच्या बाबतीत पहिली गोष्ट आडवी आली, कोटेशनच्या बाबतीत दुसरी. आणि तिसऱ्या प्रसंगात ताडून बघायचं काम तुमचं होतं, ते राहून गेलं.

मी बावीस वर्षं मुद्रितशोधन केलं. गेली नऊ वर्षं घरगुती उपकरणं दुरुस्त करणाऱ्या एका छोट्या कंपनीसाठी ग्राहकांना जाणारे मेसेज लिहून देते आणि तिथल्या मुलामुलींचे मेसेज तपासते. फ्रिज बंद पडलेला माणूस आधीच तापलेला असतो, त्यामुळे एखादं चिन्ह कुठे लागतं ते लगेच कळतं. पुढचं सगळं त्या अनुभवातून आहे. तुमची मंडळी वेगळी असतील, तेवढी सूट धरून वाचा.

पूर्णविरामाबद्दल आधी माझीच कबुली. वाक्याच्या शेवटी पूर्णविराम नसला की मुद्रितशोधकाला भातात खडा लागल्यासारखं होतं. मी वर्षानुवर्षं घरातल्या सगळ्यांना 'हो.', 'बरं.', 'निघाले.' असंच पाठवत आले. एकदा पुतणी म्हणाली, "काकू, तुझा 'बरं.' आला की माझ्या पोटात गोळा येतो, वाटतं काहीतरी चुकलं." मी थक्क झाले. माझ्या मते मी शुद्ध लिहीत होते, आणि तिला मी दार आपटल्यासारखं ऐकू येत होतं.

कारण सोपं आहे. कागदावर पूर्णविरामाला काम असतं, वाक्य कुठे संपलं ते त्याच्यामुळे कळतं. मेसेजमध्ये ते काम पाठवण्याचं बटणच करतं. एक वाक्य, एक चौकट, संपलं. मग त्या चौकटीत आणखी एक टिंब दिसलं की वाचणाऱ्याला वाटतं, हे मुद्दाम दिलंय. बिनकामाची वस्तू दिसली की माणूस तिला काहीतरी काम लावतोच. इथे त्या टिंबाला 'विषय संपला' हे काम लागलं.

न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात २०१५ साली हे तपासून बघितलं होतं. १२६ विद्यार्थ्यांना छोटे संवाद वाचायला दिले. एकाने काहीतरी विचारलंय आणि दुसऱ्याने एका शब्दात होकार दिलाय, असे ते होते. होकारानंतर पूर्णविराम असला तर तो होकार कमी मनापासूनचा वाटला. गंमत म्हणजे तेच संवाद हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवर दाखवले तेव्हा काहीच फरक पडला नाही. म्हणजे गोम टिंबात नसून ते मेसेजच्या चौकटीत असण्यात होती. अर्थात ही इंग्रजीत लिहिणारी अमेरिकन कॉलेजातली मुलं. आपल्याकडच्या सत्तरीच्या आजोबांना ते जसंच्या तसं लागू होईल असं मी म्हणणार नाही. पण माझी पुतणी नेमकी त्याच वयाची होती.

मराठीत हे जरा जास्तच बोचतं, असं मला वाटतं. आपले एका शब्दाचे होकार स्वरावर चालतात. 'बरं' हा शब्द लांबवला तर लाड, झटकन तोडला तर नाइलाज, वर चढवला तर धमकी. 'हो', 'छान', 'ठीक' यांचंही तसंच. लिहिताना स्वर जातो आणि कोरा शब्द उरतो. त्याच्यापुढे टिंब दिलं की वाचणाऱ्याच्या कानात तो तोडलेल्या सुरातच वाजतो.

पण हे फक्त एक-दोन शब्दांच्या उत्तरांना लागू आहे. मेसेज तीन-चार वाक्यांचा झाला की पूर्णविरामाला त्याचं जुनं काम परत मिळतं, आणि मग त्यात कोणालाही राग दिसत नाही. उलट क्लायंटला लिहिलेल्या लांब मेसेजमध्ये टिंबं गाळली तर तो मेसेज धावत्या लोकलमधून लिहिल्यासारखा वाटतो. आणखी एक बारीक गोष्ट: काही कीबोर्ड दोनदा स्पेस दाबली की आपोआप पूर्णविराम टाकतात. तुमच्या 'छान.' मधलं टिंब कदाचित तुम्ही दिलेलंही नसेल. मैत्रिणीला हे सांगायला मात्र जाऊ नका. "अगं, फोननेच टाकलं" हे खरं असलं तरी ऐकायला फार वाईट वाटतं.

आता तुमची मैत्रीण. तिथे नुसतं टिंब नव्हतं, आणखी दोन गोष्टी त्यात मिसळल्या होत्या. पोस्टखालची कमेंट चारचौघांत असते. तुमच्या 'छान.' च्या वर आणि खाली 'कित्ती गोड ग', 'पार्टी कधी', 😍😍 अशी रांग असणार. त्या रांगेत तुमचा शब्द पडला. तिने तो त्या रांगेच्या मापाने मोजला, आणि बाकीच्यांनीही बघितला हे तिला ठाऊक होतं. तोच शब्द तिला एकटीला पाठवला असता तर एवढं लागलं नसतं. दुसरं म्हणजे तुमचं नेहमीचं. तिच्या पोस्टखाली तुम्ही याआधी काय काय लिहिलंय ते वर जाऊन बघा. 'अय्या', 'कसली दिसतेयस', दोन-तीन उद्गारचिन्हं, असं काही असेल तर तिथून 'छान.' वर येणं म्हणजे चालता चालता पायरी चुकल्यासारखं. माझा एक जुना सहकारी आहे, तो कोणत्याही बातमीला 'बरं.' लिहितो. लग्न, बारसं, बढती, सगळ्याला 'बरं.' त्याचा कोणालाच राग येत नाही. उद्या त्याने मला ❤️ पाठवलं तर मी काळजीने फोन करीन.

मग काय लिहायला हवं होतं? टिंब काढून 'छान' लिहिलं असतं तर बोच कमी झाली असती, कोरडेपणा राहिला असता. 'छान 😍' ने वेळ निभावली असती, पण ते रांगेतल्या सगळ्यांसारखं. समजा फोटोत खिडकीजवळ झोपाळा होता. 'तो खिडकीतला झोपाळा! तिथे बसून चहा प्यायला येतेय' असं लिहिलं की इमोजीची गरजच राहत नाही, कारण तुम्ही फोटो खरोखर बघितलात हे त्यात दिसतं. इमोजी बहुतेक वेळा या एका गोष्टीची जागा भरायला वापरतात. वेळ नसेल तर नुसतं ❤️ देऊन ठेवा आणि रात्री नीट लिहा. रिअ‍ॅक्शन म्हणजे 'नंतर बोलते' हे मैत्रीत चालतं. अर्धवट शब्द लिहिला की तेच उत्तर धरलं जातं.

मैत्रीतला हा नियम कामाच्या माणसाशी नेमका उलटतो. तिथे रिअ‍ॅक्शनवर भिस्त ठेवली की तुमच्यासारखं होतं.

👍 ची अडचण अशी की तो एकाच वेळी 'पोचलं', 'वाचलं', 'मान्य' आणि 'बरं, आता पुरे' या चारांपैकी काहीही असू शकतो. यावर चक्क न्यायालयांना विचार करावा लागलाय. दोन निकाल शेजारी ठेवून बघा, कारण चिन्ह एकच आणि निष्कर्ष वेगळे आहेत.

पहिला कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतातला. २०२१ च्या मार्चमध्ये धान्य खरेदी करणाऱ्या एका कंपनीच्या माणसाने एका शेतकऱ्याला ८६ टन जवसाच्या कराराचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, करार पक्का असल्याचं कळवा. शेतकऱ्याने 👍 पाठवला. नोव्हेंबरमध्ये माल द्यायची वेळ आली तोवर जवसाचा भाव दुपटीच्या वर गेला होता. माल आला नाही. शेतकऱ्याचं म्हणणं, मी फक्त फोटो पोचल्याचं कळवलं होतं. तुमच्या क्लायंटचंच वाक्य! २०२३ साली न्यायालयाने तो करार पक्का धरला आणि ८२,००० कॅनेडियन डॉलरांहून थोडी जास्त भरपाई द्यायला लावली. २०२४ मध्ये अपील न्यायालयानेही तेच कायम ठेवलं. का? वरच्या ओळीत थेट विचारणा होती. शिवाय याच दोघांमध्ये आधीही असेच करार झाले होते, तेव्हा शेतकऱ्याने 'ओके', 'हो' एवढंच लिहून माल पाठवला होता. म्हणजे छोटं उत्तर हाच त्याचा नेहमीचा होकार होता.

दुसरा निकाल आपल्याकडचा, २०२४ चा, मद्रास उच्च न्यायालयाचा. रेल्वे सुरक्षा दलातल्या एका शिपायाने व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका अधिकाऱ्याच्या खुनासंबंधीच्या मेसेजला 👍 दिला. हा तर खुनाचा आनंद साजरा करणं झालं, असं म्हणून त्याला नोकरीतून काढलं. त्याचं म्हणणं होतं की मेसेज पाहिला एवढंच त्याला कळवायचं होतं. न्यायालयाने ते मान्य केलं. हे चिन्ह 'ओके' याच अर्थाने घेता येतं, त्यातून खुनाचा जल्लोष निघत नाही, असं म्हणून त्याला परत घ्यायला सांगितलं. इथे वरच्या ओळीत प्रश्न नव्हता, बातमी होती. बातमीला दिलेला 👍 म्हणजे 'पाहिलं'.

आता तुमचा मेसेज आठवा. मला तो दिसत नाही, पण माझ्याकडे तपासायला येणारे अशा जातीचे मेसेज बहुतेक असे असतात: वर पीडीएफ, खाली 'सर, कोटेशन पाठवलं आहे 😊'. यात प्रश्न कुठे आहे? ही बातमी आहे. तिला 👍 मिळाला, म्हणजे 'पाहिलं'. तुम्ही त्यातून होकार काढलात, कारण तुमच्या मनात प्रश्न होता. तो पडद्यावर उतरलाच नव्हता. 😊 ने तर आणखी घोटाळा केला. त्या हसऱ्या चेहऱ्याने कोटेशनला 'सहज पाठवतेय हं' असा हलका सूर दिला, आणि हलक्या सुराला हलकंच उत्तर येतं.

पुढच्या वेळी असं लिहून बघा:

'सर, लोगो आणि व्हिजिटिंग कार्डचं कोटेशन सोबत आहे. एकूण १८,००० रुपये, त्यातले ९,००० सुरुवातीला. हे मान्य असेल तर "मान्य" असं लिहून कळवाल का? तुमचं उत्तर आणि ९,००० रुपये आले की सोमवारपासून काम सुरू करते.'

रक्कम मी उगाच धरली आहे, तुमची तुम्ही घाला. बघण्यासारख्या गोष्टी तीन. प्रश्नचिन्ह एकच आहे, त्यामुळे नेमकं कशाचं उत्तर हवंय यात शंका उरत नाही. शब्द तुम्हीच पुरवलाय, तेवढाच त्यांना टाइप करायचाय. आणि काम कशावर सुरू होणार ते आधीच सांगितलंय, त्यामुळे नुसता 👍 आला तर काम सुरू होत नाही हे दोघांनाही ठाऊक असतं. तरीही 👍 च आला, तर (आणि येतो, काही माणसं टाइप करतच नाहीत) त्यालाच उत्तर द्या: 'धन्यवाद सर, म्हणजे कोटेशन मान्य आहे असं धरते. पहिली रक्कम जमा झाली की सुरू करते.' अंगठ्याचा अर्थ तुम्ही शब्दांत लिहून ठेवलात. त्यांना तो मान्य नसेल तर ते आता बोलतील, आठ दिवसांनी नाही.

हसऱ्या चेहऱ्याचा विषय निघालाच आहे तर थकलेल्या पैशांचंही सांगते, कारण घरून काम करणारे सगळे इथे घसरतात. 'सर, पेमेंट अजून आलं नाही 😊' हा मेसेज लिहिणाऱ्याला सौम्य वाटतो. वाचणाऱ्याला तो दात दाखवून बोलल्यासारखा वाटतो. वाक्यात तक्रार आणि चेहऱ्यावर हसू, हे दोन्ही एकत्र आले की माणूस हसण्यावर विश्वास ठेवत नाही. आमच्या कंपनीत एका मुलीने 'तुमच्या मशीनची वॉरंटी संपली आहे 🙂' असं पाठवलं होतं. ग्राहकाने फोन करून विचारलं, "यात हसण्यासारखं काय आहे?" त्या मुलीचा हेतू धीर देण्याचा होता, हे मला माहीत आहे. तेव्हापासून माझ्या हाताखाली एक नियम आहे: नकार, उशीर आणि पैसे या तीन विषयांच्या वाक्याला चेहरा लावायचा नाही. आभार आणि भेटीची वेळ यांना खुशाल लावा.

मग सौम्यपणा आणायचा कुठून? आपल्या भाषेतून. त्यासाठी मराठीत छोटे छोटे शब्द पडलेले आहेत आणि आपण ते टाइप करायचे विसरतो. 'ना', 'की', 'हं', 'बरं का', 'तेवढं', 'जरा', 'एकदा', 'जमलं तर'. 'फाइल पाठवा' हा हुकूम आहे. 'फाइल पाठवा 🙏' हा हात जोडून केलेला हुकूम आहे. 'जरा फाइल तेवढी पाठवाल का?' ही विनंती आहे आणि त्यात एकही चित्र नाही. मैत्रिणीला 'ये' म्हटलं तर कोरडं, 'ये 😘' म्हटलं तर गोड, पण 'ये ना ग' यात जे आहे ते कुठल्या चित्रात बसत नाही. पैशांचा मेसेज मी असा लिहीन: 'सर, मागच्या महिन्याच्या बिलाचे ९,००० रुपये यायचे आहेत. या आठवड्यात तेवढं बघाल का?' शेवटी प्रश्नचिन्ह एक. दोन दिलीत ('बघाल का??') की कमरेवर हात ठेवून उभं राहिल्यासारखं होतं.

उद्गारचिन्हाचं एकच ध्यानात ठेवलंत तरी पुरे. ते भावनेच्या शब्दापुढे आलं की ऊब देतं आणि आज्ञेपुढे आलं की ओरडतं. 'अभिनंदन!' छान, आणि कामाच्या माणसालाही चालतं, उलट तिथे नसलं तरच रुखरुख वाटते. 'लवकर कळवा!' नको.

कामाच्या माणसाशी इमोजी वापरावेत की नाहीत, याला सरसकट उत्तर नाही. त्यांनी आधी वापरले की मग आपण, त्यांच्याहून एक कमी, अशी माझी रीत आहे. आणि 'आपण' आणि 😂 एका मेसेजमध्ये बसत नाहीत, हे तुम्हालाही जाणवेल. ज्या माणसाला तुम्ही 'आपण' म्हणता त्याच्यासमोर प्रत्यक्षात पोट धरून हसाल का? तेवढंच. अडचण होते ती मैत्रीण क्लायंट झाली की. तिथे मी तिला सांगून टाकते की कामाचं मेलवर बोलू. मेलवर पूर्णविरामासह नीट मराठी, आणि चॅटवर 'अगं ऐक ना'. दोन जागा वेगळ्या ठेवल्या की एकीचा सूर दुसरीत सांडत नाही.

आता तुमचे 'बघतो...' वाले काका. इथे मी त्यांची बाजू घेणार. पन्नास-साठच्या पुढचे पुष्कळ लोक तीन टिंबं, कधी दोन, स्वल्पविरामासारखी वापरतात. 'नमस्कार... पोचलो... प्रवास चांगला झाला... उद्या बोलू...' यात कसलीही खंत नाही, श्वास आहे. पत्र लिहिताना ही माणसं एक वाक्य झालं की पुढच्या ओळीवर जात, किंवा छोटी आडवी रेघ ओढत. फोनवर त्याच्या जागी टिंबं आली. तुमच्या वयाच्या लोकांना तीच टिंबं 'मला बोलायचंय पण बोलत नाही' अशी ऐकू येतात. दोन्ही वाचनं आपापल्या जागी बरोबर आहेत.

तसाच 🙏. तुमच्या पिढीत तो 'प्लीज' किंवा 'थँक्स'. काकांच्या पिढीत तो नमस्कार, आभार, शुभेच्छा, श्रद्धांजली सगळं आहे. जुन्या पत्रात वर 'सा. न. वि. वि.' आणि खाली 'कळावे, लोभ असावा' असे, ती दोन्ही कामं आता ते जोडलेले हात करतात. मायना गेला, त्याच्या जागी हे आलं. म्हणून 'डिझाइन मिळालं 🙏' यात तुम्ही काही फार मोठे उपकार केलेत असं समजू नका आणि टोमणाही समजू नका. मात्र वादावादी चालू असताना शेवटी नुसतेच 🙏🙏 आले तर तो कोपरापासून नमस्कार असतो, तिथे थांबलेलं बरं. आणि मृत्यूच्या बातमीखाली एखाद्या आजींनी 😂 टाकला तर त्यांना त्यात फक्त अश्रू दिसलेत. चारचौघांत सुधारायला जाऊ नका, त्यांच्या नातवाला हळूच कळवा.

काका खरंच नाराज आहेत का, हे ओळखायचं तर त्यांचे मागचे वीसेक मेसेज वर जाऊन वाचा. सगळीकडे टिंबं असतील, 'वाढदिवसाच्या शुभेच्छा...' इथेही असतील, तर 'बघतो...' म्हणजे नुसतं 'बघतो'. नाराजी वेगळ्या ठिकाणी दिसते: एरवी टिंबं देणारा माणूस अचानक 'बघतो' किंवा 'बघतो.' असं लिहायला लागला, नमस्कार गळला, 'ताई' जाऊन नुसतं नाव आलं, तर फोन करा. माझ्या एका ग्राहकाचे आठ महिने 'ठीक आहे... 🙏' असे मेसेज येत होते. एक दिवस 'ठीक आहे' एवढंच आलं. मी लगेच फोन केला, तर आमचा कारागीर सलग तिसऱ्यांदा ठरल्या वेळी गेलाच नव्हता, कळवलंही नव्हतं, आणि ते बिचारे सुट्टी काढून घरी बसले होते.

तुमच्या काकांच्या बाबतीत एवढं करून बघा. त्यांना 'कसं वाटलं?' असं मोघम विचारू नका, त्याला 'बघतो...' च येणार. 'काका, निळा रंग ठेवू की हिरवा?' असं विचारा. त्यावर 'निळा...' असं उत्तर आलं, की टिंबं सोडा आणि निळा ठेवा.